५व्या मजल्यावरची ओटी थंड होत नाही, सेकंडरी पंप ४५ मीटर हेडचा घ्यावा का?

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
राम राम मंडळी. जळगावातल्या एका हॉस्पिटलचं मेंटेनन्स बघतो. तळमजला अधिक ५ मजले, प्लांटरूम मागे जमिनीलगत. चिलर १५० टनांचे, दोन चालू आणि एक स्टँडबाय. चिलर लूपला प्रत्येकी एक प्रायमरी पंप. इमारतीला सेकंडरी पंप, एक चालू, एक राखीव. सेकंडरीची नेमप्लेट १६५ घनमीटर प्रति तास, ३८ मीटर, मोटर ३० किलोवॅट. व्हीएफडी आहे, पण तो सुरुवातीपासून मॅन्युअलवर ५० हर्ट्झलाच ठेवलाय.

त्रास असा: ५व्या मजल्यावरच्या दोन ओटी २५-२६ डिग्रीच्या खाली उतरत नाहीत आणि हवा दमट राहते. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांच्या गाऊनला घाम, हे बघवत नाही. त्याच वेळी तळमजल्यावरच्या ओपीडीत लोक ग्रिलवर पुठ्ठे लावतात, इतकी थंडी. ठेकेदाराचं म्हणणं, शेवटच्या एएचयूपर्यंत पाणी पोचत नाही, पंप कमी पडतो, ४५ मीटर हेड आणि ३७ किलोवॅटचा बसवू. कोटेशन टेबलावर आहे. सही करू का? बॅलन्सिंगचंही काही बघावं लागेल का?

रेल्वे_वर्कशॉप
बॅलन्सिंग आधी करा. इम्पेलर खोलून भुसावळला पाठवा, डायनॅमिक बॅलन्सिंग करून देणारे आहेत. बेअरिंगजवळ व्हायब्रेशन किती येतंय? कपलिंगचं अलाइनमेंटही बघून घ्या. बॅलन्स बिघडलेला पंप बेअरिंग खातो.

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
दादा, पंप एकदम गुळगुळीत चालतोय, आवाज नाही. मी पाण्याच्या वाटपाच्या बॅलन्सिंगबद्दल विचारतोय, कोणत्या मजल्याला किती पाणी जातं ते.

उपसा_शहादा
भाऊ, माझं आयुष्य तापीच्या उपसा लाईनींवर गेलं, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला. पंपाला पहिली गोष्ट उंची. तुमची इमारत १८ मीटर तरी असेल. त्यात पाइपाचं घर्षण, मग कॉइल, व्हॉल्व्ह. ३८ मध्ये काय उरतं? वर मे महिन्यात जळगाव ४४-४५ ला जातं, लोडही वाढतो. ठेकेदार बरोबर बोलतोय. ४५ घ्या आणि निवांत राहा.

प्लांटरूम_नाशिक
सही करू नका, आधी तीन तापमानं द्या. दुपारी २ ते ४ मध्ये, दोन्ही चिलर भरात असताना घ्या. एक, चिलरमधून बाहेर पडणारं पाणी. दोन, प्रायमरी आणि सेकंडरी लूप जोडणाऱ्या मोकळ्या पाइपाच्या, म्हणजे डीकपलरच्या पुढे, सेकंडरी पंपाच्या डिलिव्हरी हेडरवरचं पाणी. तीन, इमारतीतून परत येणारं पाणी, डीकपलरच्या आधी. तिन्ही ठिकाणी एकच थर्मामीटर फिरवा, वेगवेगळे नकोत. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो का ते बघा. पाइपावर बाहेरून लेझर मारून काही कळणार नाही, थर्मोवेलमध्ये तेल घालून वाचा.

आणि रात्री एकच चिलर चालवता का? तेव्हा ओटीचं काय होतं?

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
सर, घेतली. चिलर आउट ७.०, हेडर ८.३, रिटर्न १२.०. रात्री एक चिलर आणि त्याचा प्रायमरी पंप बंद करतो. खरं सांगायचं तर रात्रीच्या इमर्जन्सीला तक्रार जास्त येते. बाहेर गारवा असतो तरी ओटी जास्त दमट. आम्ही सेन्सरला दोष देत होतो. तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री हेडर बघितला, तो १० होता आणि चिलर ७ च देत होता.

प्लांटरूम_नाशिक
मग निदान झालं. बाहेरच्या उन्हाचा दोष असता तर रात्री बरं वाटलं असतं. तुमच्याकडे रात्री बिघडतं, कारण रात्री प्रायमरीचं पाणी निम्म्यावर येतं आणि सेकंडरी पंप मात्र तेवढंच ओढत राहतो.

नीट बघा. चिलर ७ चं पाणी देतो आणि हेडरवर ८.३ होतं. मधल्या पाइपात ते गरम व्हायला कारण नाही. म्हणजे १२ चं रिटर्न पाणी डीकपलरमधून उलटं येऊन त्यात मिसळतंय. किती, तेही निघतं. ७ पासून १२ पर्यंतचं अंतर ५, त्यातलं १.३ चढलंय, म्हणजे हेडरच्या पाण्यातला २६ टक्के भाग न थंड झालेलं रिटर्न आहे. उरलेला ७४ टक्के प्रायमरीचा. दोन चिलरचं प्रायमरी पाणी १६५ धरलं (१५० टन गुणिले ३.०२४ भागिले ५.५ डिग्री, म्हणजे एका चिलरला साधारण ८२), तर सेकंडरी २२३ घनमीटर ओढतोय. लागतं त्याच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

म्हणजे पंपात पाणी कमी नाही, जास्त आहे. ते भलतीकडे जातं. जवळच्या एएचयूंमधून धो धो वाहतं, कॉइलला त्याचा उपयोग फारसा नाही, कारण पाणी दीडपट केलं म्हणून थंडावा दीडपट होत नाही, थोडाच वाढतो. ते कोमट न होताच परत येतं, डीकपलरमधून पुन्हा मिसळतं, आणि शेवटच्या ओटीला ७ ऐवजी ८.३ चं पाणी मिळतं, तेही कमी. गरम पाण्यामुळे कॉइल ओलावा काढत नाही, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आणखी उघडतो, सगळ्यांचे व्हॉल्व्ह उघडले की सेकंडरी आणखी पाणी ओढतो. ४५ मीटरचा पंप बसवला तर हे चक्र वाढेल आणि हेडर आणखी चढेल.

एक सावधगिरी: थर्मामीटर ०.३ ने चुकला तरी २२३ चं २०५ किंवा २४३ होऊ शकतं. आकडा अंदाजाचा आहे, दिशा नक्की आहे. व्हीएफडीवर किलोवॅट किती दिसतात?

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
२८-२९.

प्लांटरूम_नाशिक
जुळतं. सव्वादोनशे घनमीटर आणि तीसेक मीटरच्या हेडला तेवढीच वीज लागते. पंप आपल्या कर्व्हवर उजवीकडे पळालाय. नेमप्लेटवर ३८ लिहिलंय म्हणून तो ३८ वर चालत नाही. लाइन जेवढा विरोध करते तिथे तो जाऊन थांबतो.

उपसा_शहादा
सर, तुमचं गणित मान्य. पण उंचीचं काय? १८ मीटर वर पाणी चढतं, ते कोण चढवतं? ३८ मधले १८ उंचीत गेले की २० च उरतात.

प्लांटरूम_नाशिक
शहादाभाऊ, तुमच्या लाइनीत पाणी नदीतून उचलून शेतात सोडून देता. ते परत येत नाही, म्हणून उंची पूर्ण भरावी लागते. इथे पाइप पाण्याने गच्च भरलेला आणि बंद आहे. चढणाऱ्या पाइपातलं पाणी जेवढं खाली ओढतं, तेवढंच उतरणाऱ्या पाइपातलं पाणी पंपाच्या सक्शनला दाबतं. दोन्ही कटतात. पंपाला फक्त घर्षण भरायचं. इमारत ५ मजली असो की २५, पाइपाची लांबी आणि कॉइल तेच असतील तर हेड तेच.

एक्सट्रूजन_एमआयडीसी
मध्ये बोलतो. आमच्या पाइप फॅक्टरीत चिल्ड वॉटरच आहे, प्रायमरी चिलरला आणि सेकंडरी मशीनला, पण मधे उघडी टाकी. मशीनवरून पाणी पन्हाळीतून टाकीत पडतं. आम्ही उंची धरून पंप घेतला आणि तो बरोबर निघाला. म्हणजे सरसकट 'उंची धरू नका' म्हणता येणार नाही ना? आणि आमच्या टाकीचं पाणी दुपारी ११-१२ वर जातं, चिलर ८ देतो. ते याच कारणाने का?

प्लांटरूम_नाशिक
तुमची उंची खरी आहे, कारण पाणी मशीनवर हवेत सुटतं आणि उतरताना परत मदत करत नाही. टाकीच्या पाण्याच्या पातळीपासून सुटण्याच्या जागेपर्यंतची उंची धरायचीच. कूलिंग टॉवरलाही तसंच, बेसिनपासून नोझलपर्यंत.

टाकीचं म्हणाल तर तुमच्याकडे टाकीच डीकपलर आहे. मशीनचे पंप चिलर पंपांपेक्षा जास्त ओढतात का ते मोजा. गरम आणि थंड बाजूत आडवी भिंत नसेल तर पंप सारखे असूनही मिसळेल. स्वतंत्र धागा काढा, इथे ओटी आधी.

आराखडा_ताई_धुळे
मी कन्सल्टंटकडे ड्रॉइंग करते, त्यामुळे हेडचा हिशोब करून बघते. ओटी_मेंटेनन्स दादा, प्लांटरूमपासून ५व्या मजल्याच्या सगळ्यात लांबच्या एएचयूपर्यंत पाइपाची लांबी आणि कॉइलचं प्रेशर ड्रॉप द्याल का?

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
ताई, एका बाजूने ११० मीटर, जुन्या ड्रॉइंगवरून. कॉइल ३ मीटर लिहिलंय. टू-वे कंट्रोल व्हॉल्व्हही तेवढाच.

आराखडा_ताई_धुळे
मग जाऊन येऊन २२० मीटर. पाइप साधारण शंभर मीटरला अडीच मीटर घर्षणाने निवडलेला असतो, म्हणून साडेपाच. बेंड, टी, व्हॉल्व्ह मिळून त्याचे अर्धे आणखी, सव्वाआठ झाले. कॉइल ३, कंट्रोल व्हॉल्व्ह ३, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह १, स्ट्रेनर आणि हेडरला दीड. बेरीज पावणेसतरा. दहा टक्के मार्जिन घेतलं की साडेअठरा.

आता ३८ कुठून आले ते दिसतं. साडेअठरात कुणीतरी इमारतीचे १८ मिळवले, साडेछत्तीस झाले, वरती थोडं 'सेफ्टी' म्हणून. प्रत्यक्षात १६५ ला साडेअठरा मीटरचा पंप १५ किलोवॅटच्या मोटरवर निवांत चालला असता. मला या एकाच चुकीचा फार राग येतो, कारण ती ड्रॉइंगवर एका ओळीत होते आणि मग इमारत वर्षानुवर्षं तिचं बिल भरते.

फिटिंगचे पन्नास टक्के हा अंदाज आहे. प्लांटरूम दाटीची असेल तर तिथली फिटिंग एकेक मोजावी.

प्लांटरूम_नाशिक
ताईंचा हिशोब योग्य. पण दादा, लगेच व्हीएफडी खाली आणू नका. आत्ता ५० वरच ओटी उपाशी आहे, तसंच ३८ हर्ट्झवर आणलं तर ती आणखी उपाशी राहील. आधी वाटप, मग पंप.

बॅलन्सिंग रात्री करता येतं, कारण आपण पाणी मोजतो, थंडावा नाही. ओटी बंद असताना सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह बीएमएसवरून पूर्ण उघडा. स्ट्रेनर साफ करा. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून प्रत्येक एएचयूचं पाणी व्हॉल्व्हच्या दोन टेस्ट पॉइंटवर मीटर लावून मोजा. मीटर नसेल तर प्रेशरच्या फरकावरून काढा, बारमधल्या फरकाचं वर्गमूळ गुणिले त्या उघडीपला कंपनीने दिलेला केव्ही. केव्ही १५ असेल आणि फरक ०.०९ बार, तर ४.५ घनमीटर.

मग प्रत्येकाचं मोजलेलं भागिले ड्रॉइंगवरचं. कुणाचं १.८ येईल, कुणाचं ०.६. सगळ्यात कमी गुणोत्तराचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. त्याच शाखेतला त्याच्या अलीकडचा व्हॉल्व्ह इतका दाबा की दोघांचं गुणोत्तर सारखं होईल. मग त्याच्या अलीकडचा. असं पंपाच्या दिशेने मागे या. दोन एएचयू एकदा सारखे झाले की मागे काहीही फिरवलं तरी दोघे एकत्रच वर-खाली होतात. म्हणूनच हा क्रम उलटा करून चालत नाही, जवळच्यापासून सुरुवात केली तर रात्रभर फिरत बसाल. शाखा झाल्या की रायझर एकमेकांशी. सगळी गुणोत्तरं सारखी झाली की ती १ च्या वर कुठेतरी असतील, आणि तेव्हा व्हीएफडी हळूहळू खाली आणून सगळ्यांना एकदम १ वर आणायचं.

केळी_ठिबक_रावेर
हे तर ठिबकचंच गणित झालं. सपाट केळीच्या शेतात लांब लॅटरल टाकली की मेनजवळची झाडं जास्त पितात, टोकाची उपाशी. म्हणून आपण प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घेतो, दाब कितीही असो, थेंब तेवढेच. एएचयूला तसलं काही मिळत नाही का? एवढी फिरवाफिरवी कशाला?

प्लांटरूम_नाशिक
मिळतं, पीआयसीव्ही म्हणतात, कंट्रोल आणि प्रेशर राखणं एकाच व्हॉल्व्हमध्ये. नव्या कामाला मी तोच सुचवतो. पण त्याला कमीत कमी ठरावीक दाब लागतो आणि तो बारीक वाटेने काम करतो, आपल्याकडच्या गंजट लूपमध्ये कचरा अडकतो. आणि पंप मोठा तो मोठाच राहतो, जास्तीचं हेड व्हॉल्व्ह गिळतो.

आराखडा_ताई_धुळे
इथे मी थोडी वेगळी. ओटीसारख्या जागी लोड दिवसभर बदलतो. हाताने केलेलं बॅलन्सिंग पूर्ण लोडलाच खरं असतं. अर्धे व्हॉल्व्ह बंद झाले की उरलेल्यांना पुन्हा जास्त पाणी. निदान दोन ओटी आणि आयसीयूला तरी पीआयसीव्ही टाका, बाकीचं हाताने.

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
काम झालं, सांगतो. शहादाभाऊंच्या उंचीच्या मुद्द्यावरून एक गोष्ट सापडली. पंप बंद असताना प्लांटरूमचा गेज १.६ बार दाखवत होता. आमची वरची कॉइल गेजपासून १८ मीटरवर. १.६ बार म्हणजे १६ मीटर पाणी, म्हणजे पंप थांबला की वरच्या कॉइलमध्ये दाब हवेच्याही खाली. एअर व्हेंट हवा बाहेर टाकायच्या ऐवजी आत घेत असणार. लूप २.३ बारला भरला, ओटीच्या एएचयूमधून हवा काढली, बराच वेळ फुसफुस चालू होती.

दुसरं, ओटीच्या स्ट्रेनरमध्ये वेल्डिंगचा कचरा. आणि तळमजल्याच्या एका एएचयूची फ्लशिंगची बायपास लाइन बांधकामापासून उघडीच राहिली होती, त्यातून थेट सप्लाय रिटर्नमध्ये जात होता.

ओपीडीच्या एएचयूचं गुणोत्तर १.९ निघालं, ओटीचं ०.७. सरांच्या क्रमाने केलं. दोन शाखांवर बॅलन्सिंग व्हॉल्व्हच नव्हते, तिथे बटरफ्लाय दाबून काम चालवलंय. व्हीएफडी ३८ हर्ट्झला आला, तेव्हा ओटीचं पाणी पूर्ण आणि किलोवॅट १३ च्या आसपास. दुपारी हेडर ७.१, रिटर्न १२.२. ओटी २१ ला बसतेय, डॉक्टर तक्रार करत नाहीत. नवा पंप रद्द.

उपसा_शहादा
म्हणजे उंची पंपाला नाही, भरणीच्या दाबाला लागते. हे पटलं. तरी ४५ डिग्रीच्या दिवशी ३८ हर्ट्झ पुरतात का ते मी विचारणारच.

प्लांटरूम_नाशिक
विचारा, योग्य आहे. त्या दिवशी कॉइल मागतील तेवढं डिझाइनचं पाणी त्यांना मिळतंय. त्याहून लोड वाढला तर चिलर कमी पडेल, पंप नाही. ते ओळखायचं कसं, तर चिलर आउट ७ वरून चढायला लागेल.

दादा, बटरफ्लायची खूण रंगाने करून ठेवा, कुणीतरी उघडेल. आणि व्हीएफडी मॅन्युअलवर सोडू नका. लांबच्या ओटीच्या एएचयूवर डिफरन्शियल प्रेशर सेन्सर लावा, कॉइल, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग व्हॉल्व्ह मिळून ७ मीटर, म्हणजे ०.७ बारचा सेटपॉइंट. तो सेन्सर प्लांटरूममध्ये लावला तर सगळ्या लाइनीचं घर्षण धरून सेटपॉइंट ठेवावा लागतो आणि कमी लोडला बचत होत नाही.

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
सेन्सरची ऑर्डर दिली. एक उरलंय. रात्री एका चिलरवर हेडर अजून ८.५ च्या आसपास जातो. सेन्सर आल्यावर सुटेल का? ठेकेदार म्हणतो डीकपलरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, उलटं येणंच बंद.

आराखडा_ताई_धुळे
मी टाकेन. उलटं पाणी बंद झालं की सेकंडरीला चिलरमधूनच पाणी ओढावं लागेल, चिलरला जास्त पाणी मिळेल आणि हेडर ७ राहील. काही प्लांटवर चांगलं चाललेलं बघितलंय.

प्लांटरूम_नाशिक
मी नाही टाकणार. मग दोन्ही पंप एकामागे एक लागतात आणि डीकपलर ठेवण्याचा हेतूच जातो. एका चिलरमधून त्याच्या कमाल प्रवाहाहून जास्त पाणी गेलं तर नळ्यांना त्रास. आणि कुणी चुकून प्रायमरी बंद ठेवून सेकंडरी चालवला तर बंद चिलरमधून ओढ.

आराखडा_ताई_धुळे
कमाल प्रवाह तपासूनच टाकायचा, हे मी धरलेलंच आहे. रात्री ८२ च्या ऐवजी १०० गेलं तर बहुतेक चिलरला चालतं. दादा, तुमच्या मॉडेलची मर्यादा बघा.

प्लांटरूम_नाशिक
आधी सेन्सर बसू द्या. रात्रीचं सेकंडरी पाणी ८२ च्या खाली येतंय का बघा. येत नसेल तर टन कमी असले तरी दुसरा चिलर पाण्यासाठी चालू करावा लागेल, रात्री दुसरा चिलर बंद करण्याचा निर्णय टनांवर नको, हेडरच्या तापमानावर घ्या. हेडर चिलर आउटपेक्षा अर्ध्या डिग्रीने वर जाऊन वीसेक मिनिटं टिकला तर दुसरा चालू.

ओटी_मेंटेनन्स_जळगाव
चालेल सर. ताई, चिलरची प्लेट उद्या बघून कमाल प्रवाह इथे टाकतो. सेन्सर आला की रात्रीचे आकडेही देतो.

एक्सट्रूजन_एमआयडीसी
माझा टाकीचा धागा काढलाय. शहादाभाऊ, तुम्ही पण या, तिथे उंची खरी आहे.